मुलं पुढच्याच गेटानं येतील

ग्रेसी गावित यांच्या अर्जात खोट काढायला जागाच नव्हती. नवापूरच्या शाळेतून निवृत्त होऊन नंदुरबारला आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतलेली ही बाई. धडगावकडून वसतिगृहात आलेल्या आदिवासी मुलांना गणित शिकवायचं म्हणून परवानगी मागत होती. एका वेळी सहाच मुलं, संध्याकाळी पाच ते सात, बाहेर पाटी नाही. दारावरची बेल बंद, चपला घरात, गाड्या कुणाकडेच नाहीत.

तरी कमिटीच्या मीटिंगमध्ये तासभर काथ्याकूट. जिन्यात गोंगाट होईल म्हणे! गणपतीत याच पार्किंगमध्ये डीजे लावून खिडक्यांच्या काचा हलवणारे हे लोक. मी बायकांच्या राखीव जागेवरची मेंबर, आतल्या आत धुमसत बसले होते.

शेवटी चेअरमन हेमकांतभाऊंनी तोडगा काढला. “बाई, आमना विरोध नई शे. पन पोरेस्नी मांगला गेटमाईन येवानं. पुढे बरं दिखत नई.”

मागचं गेट म्हणजे कचऱ्याचे डबे ठेवतो ते. माझं डोकंच फिरलं.

ग्रेसीबाई मात्र शांतपणे उठल्या. “मग माझा अर्ज परत द्या. अपूर्णांक मी वसतिगृहाच्या ओट्यावरही शिकवीन. पण कचऱ्याच्या वाटेनं मुलांना माझ्या घरी बोलावणार नाही.”

सेक्रेटरी अर्ज परत द्यायला लागलाच होता. मी म्हटलं, “थांबा. अट घालायचीच तर नीट ठराव लिहा. सभासदाकडे येणाऱ्या बाहेरच्या माणसांनी मागच्या गेटानं यावं. नियम सगळ्यांना एकच असतो ना?”

“हा, लिखा,” हेमकांतभाऊ म्हणाले.

“मंग रविवारले स्वप्नालीले देखाले येनारा पाव्हना बी मांगलाच गेटमाईन येतीन ना, भाऊ?” मीही अहिराणीतच विचारलं.

स्वप्नाली त्यांची मुलगी. शहाद्याची बडी मंडळी बघायला यायची होती. भाऊंचा चेहरा पडला. “त्या पाव्हना शेतस,” ते पुटपुटले.

“आणि ही मुलं कोण आहेत?” मी विचारलं.

गेटची अट गेली, बाकीच्या अटींवर परवानगी मंजूर झाली आणि मी माझ्यासमोर ठराव लिहून घेतला.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम जिन्यात उभी राहिले. मुलं पुढच्या गेटानं आली, भिंतीला धरून, एकामागे एक. प्रत्येकाच्या चपला हातात होत्या. आवाज झाला तर बाईंचा क्लास बंद करतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला इतका संताप आला की डोळेच भरून आले.

ग्रेसीबाई दारात आल्या, बघितलं आणि दोन पायऱ्या खाली उतरल्या.

“चपला घाला पायात. खाली जा आणि परत वर या. माणूस चालला की आवाज होतो.”