सात वर्षांचा हप्ता

शिवण कारखान्यातल्या सुपरवायझरबाईंच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. घरी परतताना तो बसमध्ये उभ्याउभ्या कोसळला, तेव्हा बाईंनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं.

घरभाडं, औषधं आणि किराणा जाऊन पगारातले दहा हजार उरत. शोरूममधल्या सर्वांत लहान गाडीचा पाच वर्षांचा हप्ताच साडेआठ हजार होता. शिवाय महिन्याला विम्याचे दीड हजार आणि पेट्रोल-सर्व्हिसिंगचे तीन.

"मुदत सात वर्षं करा," सेल्समन म्हणाला. "व्याज जास्त जाईल, पण हप्ता साडेसहावर येईल."

तरी हजारभर कमीच पडत होते. "मी घरी ब्लाउज शिवीन," बाई म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीत बसलेला नवरा बोलला, "अगं, सात वर्षं? तोवर मी असेन का? मी गेल्यावर हप्ते मात्र भरत बसशील."

बाईंचा बांध फुटला. "मग काय, बसमध्ये पडू देऊ तुम्हाला?"

सेल्समनने हिशेबाचा कागद बाजूला सारला. मग तो हळूच म्हणाला, "मावशी, जुनी गाडी बघा. कर्ज निम्म्यावर येईल, विमाही कमी. फक्त दुरुस्तीला पैसे बाजूला ठेवा."

जुनी गाडी चार वर्षांच्या कर्जावर आली. सगळं भागवून महिन्याला जेमतेम पाचशे उरू लागले. दवाखान्यातून परतताना नवरा मागच्या सीटवर निपचित पडून असतो. प्रत्येक सिग्नलला बाई स्टिअरिंगवरून मागे वळतात आणि त्याची छाती हलताना दिसेपर्यंत बघत राहतात.