काचेत राहिलेला निळा शर्ट

आमच्या स्टुडिओत फ्रेममधल्या नको असलेल्या गोष्टीला ‘कचरा’ म्हणतात. मागे उभी केलेली शिडी कचरा, खुर्चीवर टाकलेली पिशवी कचरा, मध्येच आडवा गेलेला माणूसही कचराच. उल्हासनगरच्या कॅम्पातली दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, लग्नांचे व्हिडिओ, आणि मालक सिंधी. त्यांना सगळे साईं म्हणतात. रोज सकाळी माझ्या खुर्चीमागे उभे राहून त्यांचं एकच वाक्य असायचं, “बेटा, कचरा निकाल. फ्रेम एकदम साफ पाहिजे.”

आणि मी काढायचे. मला ते फार चांगलं जमायचं.

हे सांगताना आज लाज वाटते, कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे वडील अंबरनाथ एमआयडीसीत कामाला होते. संघटनेची पत्रकं घरात गठ्ठ्यांनी यायची आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. शाळेच्या पुस्तकात ‘क’ कमळाचा होता, आमच्या घरात कामगाराचा. कॉलेजात मी स्वतः पत्रक लिहिलं. ‘आम्ही तुम्हाला दिसत नाही का?’ असं त्याचं शीर्षक होतं. कंत्राटी कामगारांवर होतं. पाळी सुटायच्या वेळी मी ते कंपनीच्या गेटवर उभी राहून वाटलं, आणि रिक्षात बसलेल्या लोकांनी गुडघ्यावर ठेवून वाचलंही. असं लिहिणारी मुलगी चार वर्षांत माणसाला कचरा म्हणायला लागली, आणि तिला ते कळलंही नाही.

त्या दिवशी आलेली मुलगी शिरगावची होती. महिन्यापूर्वी कुळगावातल्या एका हॉलमध्ये तिचं लग्न झालं होतं. आमचा नियम असा की अंतिम प्रत द्यायच्या आधी घरच्यांनी येऊन व्हिडिओ बघायचा, नावं, क्रम तपासायचा. ती एकटीच आली. ऑफिसमधून सरळ आलेली, खांद्यावर बॅग तशीच.

“ताई, मला सगळं नाही बघायचं,” ती म्हणाली. “मला फक्त माझा दादा शोधायचाय.”

“म्हणजे?”

“फोटोत तो कुठेच नाही. एकाही फोटोत नाही.” तिने हाताने हवेत चौकट काढली. “बाबा गेल्यावर त्यानेच आम्हाला वाढवलं. त्या दिवशी त्याची ड्युटी होती. बदली आला की निघणार होता, तर बदलीवालाच आला नाही. सुपरवायझरच्या हातापाया पडून तासाभरासाठी आला, तोही कंपनीच्या कपड्यात. मागच्या मागे उभा राहिला आणि गेला. लोक मला म्हणतात, तुझा भाऊ लग्नाला नव्हता का? मी म्हणते होता. पण दाखवू काय?”

आतून साईं ओरडले, “बेटा, उनको हार वाला शॉट दिखा! सबसे मस्त वही है!”

तो शॉट खरंच मस्त होता. कॅमेरा बाजूने, तिरका, हादरे न बसू देणाऱ्या गिंबलवर हळूहळू सरकणारा. डावीकडे टेबलावर फुलं, मेणबत्त्या आणि काचेच्या फ्रेममधल्या तसबिरी. मध्ये पांढऱ्या साडीत ती, हार घालताना. उजवीकडे हॉलची मोकळी भिंत. अकरा सेकंद.

ती भिंत मोकळी मी केली होती. तिथे एक माणूस दाराने आत येऊन भिंतीला लागून उभा राहत होता. तो यायच्या आधीच्या फ्रेममधून मी भिंतीचा स्वच्छ तुकडा उचलला. कॅमेरा सरकत असल्यामुळे तो तुकडा भिंतीच्या हालचालीला ट्रॅक करून चिकटवला, नाहीतर तो भिंतीवर तरंगताना दिसतो. मग जेवढ्या भागावर तो तुकडा दिसायला हवा त्याचा मास्क माणसाभोवती आखला, तो चालला तसा मास्क चालवला, कडा मऊ केल्या. फ्लॅश उडाला त्या एका फ्रेममध्ये भिंत एकदम उजळते, तर तिथे माझा तुकडाही उजळ केला. जमिनीवर पडलेली त्याची सावलीसुद्धा काढली. बहुतेक जण सावली विसरतात. मी विसरले नाही, याचा मला अभिमान होता. त्या माणसाचा चेहरा मात्र मी बघितलाच नव्हता. मास्क आखताना आपण फक्त कडा बघतो.

शॉट चालू झाला. ती पुढे वाकली. अचानक म्हणाली, “थांबवा. काचेत हे निळं काय आहे?”

तसबिरीच्या काचेत, फुलांच्या वर, अंगठ्याच्या नखाएवढा निळा ठिपका होता. समोरच्या भिंतीकडचं प्रतिबिंब. जोडलेले हातही ओळखू येत होते.

आणि मी, पत्रकं वाचून शहाणी झालेली मी, तिला काय म्हणाले? म्हणाले, “अरे, हे राहिलं वाटतं. एक मिनिट थांबा, तेही काढते.”

माझा हात माउसवर गेलासुद्धा होता.

“काढू नका,” ती म्हणाली. “तो माझा दादा आहे.”

मग तिने काचेवरून नजर उचलली आणि उजवीकडच्या मोकळ्या भिंतीकडे बघितलं. “पण इथे तो का नाही?”

खोटं बोलायला जागा होती. कॅमेऱ्यात आला नसेल म्हटलं असतं तर तिला काय कळणार होतं? पण तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणाले, “होता. मी काढला. मला वाटलं, कुणीतरी बाहेरचा.”

“विचारायचं तरी.”

एवढंच. माझ्या आख्ख्या पत्रकात इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

मास्क काढून टाकला की माणूस परत येतो. माझ्याकडे तेवढंही उरलं नव्हतं. डिस्क भरली म्हणून मी तो शॉट पक्का करून मूळ क्लिप उडवली होती. साईंनी कपाळाला हात लावला आणि कॅमेरामनला फोन लावला. तो बदलापूरचा, त्या दिवशी तिकडेच एका हळदीला होता. फोन स्पीकरवर होता.

“शिरगाववाली का कार्ड किधर है?”

“कॅमेऱ्यात आहे ना साईं. आत्ताच फॉरमॅट मारला.”

मी फोन हिसकावला. “शूट चालू केलंस?”

“नाय अजून. नवरदेव तयार व्हायचाय. काय झालं?”

“त्या कार्डावर एक सेकंदसुद्धा शूट करू नकोस. बाहेर काढ, खिशात ठेव. दुसरं कार्ड लाव.”

“अगं पण फॉरमॅट मारला म्हणतोय ना, आता काय घंटा उरलंय त्यात!”

उरलं होतं. कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅट फक्त यादी पुसतो, आतलं चित्र त्याच्यावर नवं लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतं. मी त्या मुलीला हे सांगितलं, आणि हेही सांगितलं की खात्री देऊ शकत नाही. ती म्हणाली, “मी येते तुमच्यासोबत.”

आम्ही दोघी बदलापूरला गेलो. हळदीच्या मांडवात कॅमेरामन पिवळा होऊन उभा होता. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढून दिलं. “आईशप्पथ, हात पण नाय लावला,” तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून ओशाळला. “सॉरी हां ताई. तुमचे दादा मला आठवतात. माझ्या लाइटच्या स्टँडमागे उभे होते. मी म्हणालो पण, भाऊ पुढे या. म्हणाले, नको, कपडे मळके आहेत.”

संध्याकाळी कार्ड वाचायला लावलं. बऱ्याच फाइल परत आल्या. काही उघडल्याच नाहीत. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, साईं चहा विसरून उभे होते. हाराची क्लिप उघडली.

दार उघडलं. निळ्या शर्टातला, चाळिशीचा माणूस आत आला, दबकत चालला, भिंतीला टेकला, हात जोडले. आणि मला पहिल्यांदाच दिसलं की हार घालायच्या आधी ती मुलगी मान वळवून हसते. मी इतके दिवस समजत होते की तिचं लक्ष भलतीकडे आहे. माझ्या साफ केलेल्या शॉटमध्ये ती रिकाम्या भिंतीकडे बघून हसत होती.

पण कॅमेरामनचं म्हणणं खरं निघालं. कॅमेरा सरकला की लाइटचा स्टँड दादाच्या चेहऱ्यावर आडवा यायचा. पहिल्यांदा मी तोही माणसासोबतच झाकून टाकला होता.

“हा दांडा...” ती म्हणाली आणि थांबली. मागावं की नाही, असं तिला वाटलं असावं.

“काढते,” मी म्हणाले. “हाच खरा कचरा.”

दोन दिवस लागले. भिंत सोपी होती, चेहरा नाही. हात जोडून तो जवळजवळ स्तब्ध उभा होता म्हणून जमलं. स्टँड यायच्या आधीच्या आणि गेल्यानंतरच्या फ्रेममधून त्याचा गाल, कान, कपाळ घेतलं, त्याच्या डोक्याच्या हालचालीला ट्रॅक केलं, दांड्याएवढ्या चिंचोळ्या मास्कमध्ये बसवलं. या वेळी कडांसोबत चेहराही बघितला. हनुवटीवर भाजल्याची खूण होती. ती जशीच्या तशी आली पाहिजे म्हणून तीनदा केलं. काचेतला निळा ठिपका होता तिथेच ठेवला.

घरी वडिलांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, “तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला मीही तसाच यायचो. गेटजवळ उभा राहायचो.” मग पान उलटलं. “तू छान नाचायचीस.”

दुसऱ्या दिवशी माझ्या मॉनिटरखाली मी एक कागद चिकटवला. ‘माणूस काढण्याआधी विचारा: हा कोण?’ साईंनी चष्मा लावून वाचलं. “ये क्या नया पॅम्फ्लेट लगाया?” म्हणाले. “हर शादी में पाँच सौ आदमी, किस किस को पूछेगी?” पण कागद फाडला नाही. आठवड्याभराने मी ऐकलं, ते फोनवर कुणाला तरी विचारत होते, “वो पीछे लाल साडीवाली मौसी, वो कौन है आपकी?”

पेन ड्राइव्ह न्यायला दादा आला. दुसऱ्या पाळीला निघालेला, तोच निळा शर्ट, खाली रिक्षा थांबवलेली. बहीण आधीच येऊन बसली होती. दारात त्याने चपला काढल्या. असू द्या म्हटलं तरी काढल्याच. उभ्यानेच शॉट बघितला.

“एवढा घाबरलेला दिसतो मी?”

“चोरासारखा,” बहीण म्हणाली. “जेवण चोरायला आल्यासारखा.”

“जेवलो कुठे? तसाच गेलो ना.” तो हसला, हनुवटीवरची खूण ताणली गेली. मग स्क्रीनकडे बोट केलं. “तू माझ्याकडे बघितलं होतंस?”

“मग? हसले नाही का?”

“मला वाटलं, तुला दिसलोच नाही.”

खालून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तो म्हणाला, “मॅडम, एकदा परत लावता?” आणि या वेळी खुर्ची ओढून बसला.