चार-एक-सात-दोन

नगरपालिकेच्या नोटिशीनुसार: ऑर्फिलिया मारुलांदा, वय एकसष्ट, शिक्षण इयत्ता चौथी. सदर महिला बोलिव्हार चौकाच्या कोपऱ्यात, आंब्याच्या झाडाखाली, एक प्लास्टिकचे स्टूल, एक छत्री व कमरेला साखळीने बांधलेले तीन मोबाइल यांच्या साहाय्याने सार्वजनिक जागेचा विनापरवाना वापर करते. सार्वजनिक उपयुक्तता: नाही.

ही नोटीस मीच तिला वाचून दाखवली होती. "सुंदर लिहिलंय हो मास्तर," ती म्हणाली आणि तिने घडी घालून स्टुलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली.

ऑर्फिलियाबाई मिनिटं विकते. लोकांनी तिच्या फोनवरून बोलायचं, मिनिटाला ठरलेले पैसे द्यायचे. एवढ्यावर तिचं पोट भरलं असतं. पण तिला एक खोड आहे. लोक हेल्पलाइनला फोन लावून वीस-वीस मिनिटं सनईसारखं काहीतरी ऐकत बसतात, हे तिला बघवत नाही. म्हणून तिने चौरेघी वही केली आहे. वीज कंपनी: भाषण संपायची वाट बघू नये, तीन, मग एक. पेन्शन: मंगळवार-बुधवार, सकाळी सातला, लाइन उघडताच, सोमवारी तर चुकूनही नको. आरोग्य विमा: चांदणीचं (*) बटण दाबून स्वागत टाळावे, दोन, दोन, चार. स्वतःचा धंदा इतक्या चिकाटीने कमी करणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ताकीद: "माणूस आला की आधी नाव विचारा, मग एक्स्टेंशन. अर्ध्यात कट झालं तर पुन्हा कुणाकडे मागणार?"

माझ्या बहिणीची, नोहेलियाची, हृदयाची झडप सोमवारी बदलायची होती. विमा कंपनीच्या मंजुरीची मुदत मात्र गुरुवारी संपली. नवा क्रमांक शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आला नाही तर तारीख दुसऱ्याला, असं रुग्णालयाने कळवलं होतं. पुढची तारीख चार महिन्यांनी. कंपनीच्या खिडकीवर पाटी होती: मंजुरीसाठी फक्त फोन. मी कालपासून घरून शून्य दाबत होतो; शेवटी शुक्रवारी अकराला चौकात आलो.

"शून्य?" ऑर्फिलियाबाई म्हणाली. "तीनदा शून्य दाबलं की ही बया फोन ठेवते. आणि अकराला कुणी येतं का हो, शुक्रवारी? पोरांना भूगोल शिकवलात ना?"

"इतिहास."

"तरीच."

तिने चांदणी दाबली. दोन, दोन, चार. फोनमधली गोड बाई म्हणाली की आमच्या सेवेत सुधारणा करण्यासाठी पर्याय बदलले आहेत, आणि आम्हाला दातांच्या विभागात नेऊन सोडलं. पुन्हा लावला. या वेळी तिने काहीच दाबलं नाही. पूर्वी गप्प बसलं की माणसाकडे जोडून देत. गोड बाईने सगळं दोनदा सांगितलं आणि निरोप घेतला. वहीतलं एक एक्स्टेंशन सुरुवातीलाच दाबून पाहिलं: अवैध पर्याय. अकरा वाजून एकतीस मिनिटं. मी घड्याळाचा पट्टा काढत-घालत होतो. तिने वही माझ्या मांडीवर ठेवली. "धरा. हातांना काम द्या."

मग तिने एक दाबलं: नवीन सभासद व्हायचं असल्यास.

"अहो, पण आम्ही जुनेच—"

"गप्प बसा मास्तर. नवं गिऱ्हाईक कुणी ताटकळत ठेवतं का?"

दुसऱ्या घंटेला एक मुलगी आली. ऑर्फिलियाबाईने तिच्याकडे मंजुरी मागितलीच नाही. "पोरी, मला फक्त चार-एक-सात-दोनला जोडून दे. मेनूत नको टाकूस हं, थेट."

चार-एक-सात-दोन म्हणजे येसिद, मंजुरी विभागातला. हा कोण, ते मला वहीवरून कळलं. नावापुढे लिहिलं होतं: 'नाताळ, २ मिनिटं'. दर डिसेंबरात ऑर्फिलियाबाई वहीतल्या माणसांना स्वतःच्या मिनिटांतून फोन करते, काही मागत नाही, आभार मानते आणि ठेवते. गेल्या वर्षी मी तिला हसलो होतो. हेल्पलाइनला कसले सणाचे निरोप?

"येसिद बोलतोय."

"पोरा, मी ऑर्फिलिया. चौकातली."

 "ऑर्फिलियाबाई! आज डिसेंबर नाही. काय झालं?"

तिने फोन माझ्या हातात दिला. मी ओळखपत्राचा क्रमांक सांगितला, एक आकडा चुकलो, त्याने थांबून पुन्हा विचारला. मंजुरीचा क्रमांक त्याने दोनदा वाचला, ऑर्फिलियाबाईने वहीत उतरवला, मी त्याला परत वाचून दाखवला. अकरा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी आम्ही तोच रुग्णालयाला कळवला.

"आभार मानले का त्याचे?" तिने विचारलं. घाईत राहूनच गेलं होतं. तिने पुन्हा एक दाबलं, त्याच मुलीला पकडलं आणि मला आभार मानायला लावले. या फोनचे पैसे तिने घेतले नाहीत.

वहीतले विमा कंपनीचे जुने आकडे तिने खोडले आणि नवे लिहिले. नगरपालिकेची नोटीस अजून स्टुलाच्या पायाखालीच आहे.

काल नोहेलिया चौकापर्यंत चालत आली आणि त्या स्टुलावर बसली. ते डुगडुगलं नाही.