लाल म्हणजे साफ

सुदामा नगरात भानुमती फणसे यांचं घर विचारलं तर कोणी पत्ता सांगत नसे, 'कुत्र्यांवाल्या मावशी' म्हणून हात दाखवत. बाई सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला फटकळ. पण लांब पाठीचे आणि आखूड पायांचे डॅशहाउंड कुत्रे पाळणाऱ्या अख्ख्या इंदूरसाठी त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अमक्या मादीला तमका नर चालेल का, एवढंच विचारायला लोक यायचे. बाई चष्मा पुसायच्या, कुत्र्याचा कान उलटून बघायच्या, पोटाखालचे केस चाचपायच्या आणि निकाल द्यायच्या. चहा निकालानंतर.

ही नजर सासरची. आजेसासरे संस्थानाच्या शिकारखान्यात कुत्री सांभाळायचे. संस्थान गेलं, शिकार गेली, फणशांच्या घरात कुत्री तेवढी उरली. नवरा ऐन उमेदीत गेला, मूलबाळ नव्हतं. मग बाईंनी कुत्र्यांचीच पिढी पुढे चालवली. कोणाला पोरांचं कौतुक असतं, कोणाला घरादाराचं. भानुमतीबाईंना कौतुक होतं ते आपल्या वंशाच्या कुत्र्यांचं. त्यातली शेवटची घरात राहिलेली मादी केशर, नावासारखीच तांबूस लाल. बाईंचे गुडघे गेले होते. केशरचं एक वेत व्हावं, त्यातलं एक पिल्लू घरात राहावं आणि आपल्या डोळ्यांदेखत वंश पुढे जावा, एवढीच आस उरली होती.

बाई अडाणी नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. लोक हसतील म्हणून नाही, न्यायाचं आहे म्हणून. एकदा एका गृहस्थाच्या आखूड केसांच्या जोडीला झुपकेदार शेपटीचं, लांब केसांचं पिल्लू झालं. गृहस्थ मादीवर संशय घेऊन तणतणत आले. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. प्रत्येक गुणाचे दोन वाटे असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. आखूड केसांचा एक वाटा असला तरी कुत्रं आखूड केसांचंच दिसतं, लांब केसांचा वाटा आत गुपचूप बसून राहतो. दोघांकडून तो गुपचूप वाटाच उतरला की पिल्लू लांब केसांचं. त्यात मादीचा दोष नाही, नराचाही नाही. गृहस्थ मान खाली घालून गेले.

ठिपक्यांचंही त्यांना ठाऊक होतं. काळ्या अंगावर करड्या शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे जे ठिपकेवाले डॅशहाउंड असतात, त्यांना बाजारात भारी मागणी. पण ठिपकेवाल्याला ठिपकेवाली कधी द्यायची नाही, हा फणशांच्या घरचा जुना दंडक. दोन्हीकडून ठिपक्याचा वाटा आला की पिल्लू पांढरंफटक होतं, बहिरं होतं, कधी आंधळंही. ठिपका काही लांब केसांसारखा लपून बसत नाही, त्याचा एकच वाटा असला तरी अंगावर दिसतोच. म्हणजे अंगावर ठिपका नसला तर आतही नाही. यावरून बाईंनी आपला निकाल बांधला होता आणि तो गावभर झाला होता, लाल म्हणजे साफ. लाल कुत्रा डोळे मिटून कोणालाही द्या.

म्हणून केशरला त्यांनी ठिपकेवाला नर दिला. मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

पाच पिल्लं झाली आणि पाचही वेगवेगळी. दोन काळी ठिपकेवाली, एक लाल, एक काळं-तपकिरी, ज्याच्या कानांवर थोड्याच दिवसांत रेशमासारखे लांब केस उतरू लागले. आणि एक पांढरं. पांढऱ्याच्या पाठीवर करड्या रंगाची एक फिकट चकती, बाकी सगळं दुधासारखं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, कुठल्यातरी पणजोबांचा पांढरा रंग असेल. जाणत्या माणसाला स्वतःला फसवायला कारणं शोधावी लागत नाहीत, ती तयारच असतात. पिल्लाचे डोळे उघडले तेव्हा ते बारीक दिसले, बुबुळ खाली सरकलेलं. बाई म्हणाल्या, उशिरा उघडले म्हणून.

फणशांकडे पिल्लं निवडायची एक रीत होती. पिल्लं महिन्याची झाली की ज्यांना हवी त्यांना सकाळी बोलवायचं, पोहे द्यायचे आणि पिल्लं झोपलेली असताना पितळी ताट पळीने वाजवायचं. जे पिल्लू उठून आवाजाच्या दिशेने आधी धावेल ते धीट. शिकारखान्यातली चाल, आता तिचा उपयोग पाहुण्यांना हसवण्यापुरता. त्या सकाळी सिमरोलहून शंतनु आणि नीरजा आले होते, नवराबायको दोघंही तिथल्या मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला. सोबत त्यांची लेक श्रिया. श्रियाने पोह्यांना हात लावायच्या आधीच बोट दाखवलं होतं, मला ती पांढरी हवी.

बाईंनी ताट वाजवलं. चार पिल्लं एकमेकांवर धडपडत उठली, लांब केसांचं तर ओट्यापर्यंत घरंगळत आलं. शंतनु हसला. पांढरी तशीच झोपलेली होती. बाईंनी पुन्हा वाजवलं, जरा जवळून. मग तिच्या डोक्याशी नेऊन इतक्या जोराने वाजवलं की शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावलं. पांढरीचं पोट शांतपणे वरखाली होत होतं.

श्रियाने विचारलं, "ती उठत का नाहीये?" नीरजाने तिला जवळ ओढलं. भानुमतीबाई ताट हातात धरून उभ्या होत्या आणि ते खाली कुठे ठेवायचं हे त्यांना सुचत नव्हतं. ती माणसं भली होती. निघताना एक ठिपकेवालं पिल्लू घेऊन गेली. श्रिया गाडीत बसेपर्यंत रडत होती.

दुसऱ्या दिवशी बाई पांढरीला आणि केशरला रिक्षात घालून डॉक्टर मधुरिमाकडे गेल्या. मधुरिमा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता अन्नपूर्णा भागात जनावरांची डॉक्टर. तिने पिल्लू तपासलं, अजिबात ऐकू येत नाही आणि डोळ्यांनीही नावापुरतंच दिसतं असं सांगितलं. मग केशरच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ती तपासणीला बाहेरगावी पाठवली. बाई म्हणत राहिल्या, केशर लाल आहे, तिच्यात ठिपका कुठून येणार. रिपोर्ट आल्यावर मधुरिमाने बाईंना बोलावून घेतलं आणि दार लावून बसवलं.

"टीचर, केशरमध्ये ठिपक्याचा एक वाटा आहे. ठिपका फक्त काळ्या रंगावर उठतो. काळं असेल तिथे तो फिकट करतो, लालला तो हातच लावत नाही. मग लाल कुत्र्यात दिसणार कुठे? जन्मतः लाल पिल्लांच्या केसांची टोकं काळी असतात, तेव्हा थोडे धब्बे दिसतात. मोठं होताना काळं निघून जातं, मतलब धब्बेही गेले. पण आत तो असतोच."

बाईंना केशरचा जन्म आठवला. पाठीवर राखेचे डाग पडल्यासारखं काहीतरी होतं. केशरच्या बहिणीच्या, अंबेच्या पाठीवरही होतं. बाईंनी ओल्या फडक्याने पुसून बघितलं होतं. पुढे डाग आपोआप गेले तेव्हा त्या खूश झाल्या होत्या, रंग खुलला म्हणाल्या होत्या.

मधुरिमाने पुढचंही सांगितलं, हळू आवाजात. दोघांतही एकेक वाटा असला तर दर पिल्लामागे चारात एक शक्यता दोन्ही वाटे एकत्र येण्याची. प्रत्येक पिल्लाचा डाव वेगळा पडतो, म्हणून एका वेतात एकही नसेल आणि दुसऱ्यात तीनही असतील. कानाच्या आत ऐकायला रंगाच्या पेशी लागतात, त्याच नाहीत म्हणून ही बहिरी. केशरला ठिपका नसलेला काळा-तपकिरी नर दिला असता तर काहीच झालं नसतं, पुढेही देता येईल, वंश चालेल. तिला वाटलं, एवढं तरी ऐकून बाईंना बरं वाटेल.

"आणि त्यातली लाल पिल्लं?" बाईंनी विचारलं. "ती कोणाच्या घरी जातील, आणि तो माणूस त्यांना काय देईल?"

बाईंनी तिथेच केशरची नसबंदी नक्की करून टाकली, घरातल्या पिल्लांचीही मोठी झाल्यावर. फणशांच्या घरातला वंश असा एका दुपारी संपला आणि त्याला कोणी खांदा दिला नाही.

पण त्यांना झोप लागू देईना ती अंबा. केशरची सख्खी बहीण, तशीच लाल, तशाच पुसलेल्या डागांची. ती त्यांनी विक्रांतला दिली होती. विक्रांत म्हणजे अन्नपूर्णेच्या देवळामागे राहणारा, बाईंच्या नजरेवर जीव टाकणारा त्यांचा सगळ्यात लाडका चेला. गेल्या वर्षी तो अंबेला ठिपकेवाला नर चालेल का विचारायला आला होता आणि बाईंनी कान उलटूनसुद्धा न बघता हो म्हटलं होतं. वेताचं पुढे त्याने काही सांगितलं नव्हतं. बाई त्याच्या घरी गेल्या. अंगणात पट्टा होता, अंबा नव्हती.

विक्रांतने खुर्ची दिली, पाणी आणलं. मग म्हणाला की सांगणार होतो, पण तुम्हाला वाईट वाटलं असतं. अंबेला तीन पिल्लं झाली, त्यातली दोन पांढरी. काही दिवसांतच ती दोन्ही गेली, जन्मापासूनच अशक्त होती. मादी लाल, म्हणजे साफ, मग पांढरी कुठून येणार? म्हणजे मादी गल्लीतल्या पांढऱ्या कुत्र्याला लागली असणार. मादीची जात बिघडली म्हणून त्याने तिला शहराबाहेर कोणाच्यातरी शेतावर राखणीला देऊन टाकलं. तिथून ती पळाली. पुढचं माहीत नाही. पोटाला जमीन लागेल अशा पायांची, गादीवर वाढलेली मादी शेतातून पळून कुठवर जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाईंनी सगळं सांगितलं. केशरचा रिपोर्ट, काळी टोकं, पुसलेले डाग. अंबा गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्याकडे गेली नव्हती, दोष तिचा नव्हता, माझ्या शब्दाचा होता, असंही सांगितलं. विक्रांत ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने वाकून बाईंच्या पायांना हात लावला.

"मावशी, तुमचं मन मोठं आहे, म्हणून तुम्ही माझी गलती अंगावर घेताय," तो म्हणाला. "पण मी लक्ष ठेवायला हवं होतं ना. गेट खुलं राहिलं असेल. लाल म्हणजे साफ, ये तो आपने ही सिखाया है."

बाईंनी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा मान हलवली, हळुवारपणे, आजारी माणसाला हो म्हणावं तशी. तिसऱ्यांदा सांगायचं बळ त्यांच्यात राहिलं नव्हतं. निघताना त्याने रिक्षा करून दिली आणि आणखी एक सांगितलं. त्याच्या मित्राकडे एक लाल मादी होती, फणशांच्याच वंशातली. तिला ठिपकेवाला नर ठरला होता.

"नको म्हणून सांग त्याला," बाई म्हणाल्या. "विक्रांत, माझी शपथ आहे तुला."

"कालच झालं की, मावशी," विक्रांत म्हणाला. "तुमचंच नाव घेऊन दिली."

घरी पांढरी कोपऱ्यात झोपली होती. अचानक हात लावला की ती दचकून थरथरायची, म्हणून बाई जवळ जाताना फरशीवर पाय आपटायला शिकल्या होत्या, हादरा पोटाला लागला की तिला कळायचं. गुडघ्यातून कळ निघाली तरी त्यांनी पाय आपटला. पांढरीने डोकं उचललं आणि ती भलत्याच दिशेला, भिंतीकडे बघून शेपूट हलवू लागली.