भावाकडून लिहून घेतलेला करार

माझ्या नवऱ्याचं साखरखेर्ड्याला भांड्यांचं दुकान होतं. आठवडी बाजारालाही तो माल न्यायचा. माझा थोरला भाऊ चिखलीला ओतकामाचा कारखाना चालवायचा. कारखाना म्हणजे पत्र्याखाली एक भट्टी, वाळूचे ढीग आणि सात-आठ माणसं. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं.

नवऱ्याच्या डोक्यात शेवयांचं यंत्र आलं. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या यंत्राला दोन बाया लागत, एक दाबून धरायला आणि एक दांडा फिरवायला. याचं यंत्र बाजेच्या लाकडी चौकटीला खालून स्क्रूनं आवळता येई. मग एकटी बाई शेवया पाडू शकत होती. मी स्वतः करून पाहिल्या. यंत्र चांगलं होतं. माझा नवरा मला फार आवडायचा असं नाही, पण यंत्र चांगलं होतं हे खरं.

सुताराकडून त्यानं लाकडी नमुना करून घेतला. तो ओल्या वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं, असं ते काम. नमुना ज्याच्या हाती पडला त्याच्या हाती यंत्रच पडलं. कलकत्त्याला अर्ज केला तर सरकार हक्क बांधून देतं असं वकील म्हणाला, पण तो खर्च आणि ती खटपट आमच्यानं होणारी नव्हती. तेव्हा एकच उपाय उरला. शेवयांचा हंगाम फाल्गुनात लागतो, त्याआधी आपला माल बाजारात गेला पाहिजे आणि तोवर कोणी पाहता कामा नये. म्हणून नमुना देण्याआधी ओतणाऱ्याकडून लिहून घ्यायचं त्यानं ठरवलं. ओतणारा माझा भाऊ.

मी म्हटलं, "माह्या भावाकडून लिहून घेता? लोकं काय म्हणतील?"

"लोकाइले दाखवाचं नाही म्हणूनच तं लिहून घेतो," तो म्हणाला.

तहसिलीसमोर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून स्टँपाचा कागद लिहवून आम्ही भावाच्या कारखान्यात गेलो. नमुना गाठोड्यात बांधलेला होता आणि गाठोडं नवऱ्याच्या मांडीवर होतं. भावानं गाठोड्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"हे काय होय, जवाई?"

"आधी यावर अंगठा, मंग नमुना."

भाऊ हसला. "काऊन? मी काय तुमचं चोरून राह्यलो?"

"तुमच्यावर नाही हो दादा. रिवाज आहे आता. मोठे कारखानेवाले घेतेत."

"मंग मोठ्या कारखान्यात काऊन नाही गेले?"

नवऱ्यानं कागद पुढे सरकवला. शेजारचा सोनार आणि समोरचा किराणावाला साक्षीला बोलावले होते. ते दोघं जमिनीकडे बघत बसले. मला वाटलं, उठावं आणि वहिनीजवळ चुलीपाशी जाऊन बसावं.

भावाला वाचता येत नव्हतं. आमच्या घरात चार इयत्ता मीच शिकले होते, तेही त्यानं बापाशी भांडून मला शाळेत घातलं म्हणून. नवरा वाचायला लागला तशी भावानं हात आडवा केला.

"तुमचं वाचणं नोका सांगू. वाच व बाई तू."

मी वाचलं. सदर नमुना, त्याची मापं व आकृती लिहून घेणाराच्या परवानगीवाचून कोणास दाखवणार नाही. त्यावरून दुसऱ्या कोणासाठी ओतकाम करणार नाही. माझ्या कारखान्यातील माणसांकडूनही तसं होऊ देणार नाही. काम संपताच नमुना परत करीन. यात कसूर झाल्यास नुकसान भरून देईन. वाक्य संपलं की भाऊ होकार भरत "हाव" म्हणायचा आणि दर हावला मी खाली खाली जात होते. कागदात माझ्या नवऱ्याचा अविश्वास होता आणि तो माझ्या तोंडून निघत होता.

भावानं अंगठा दिला. मग बोट धोतराला पुसत म्हणाला, "राजाचं तोंड छापलंय याच्यावर. त्याले तं दाखवलंच तुम्ही." सोनार मोठ्यानं हसला. नवऱ्यानं गाठोडं सोडलं.

परतताना बैलबंडीत मी नवऱ्याकडे पाठ करून बसले. वाटत होतं, माझ्या माहेरची किंमत यानं चार लोकांत केली.

भाऊ शब्दाला जागला, असंच सारे म्हणाले असते. नमुना तो पेटीत कुलूप लावून ठेवायचा. ओतकाम दसऱ्यानंतर करायचं ठरलं होतं. पण खंडेनवमीला आमच्यात सगळी हत्यारं धुऊन मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. नव्या नमुन्याची पूजा झाल्याशिवाय भट्टी पेटवत नाहीत. पूजेला कोणालाही येऊ देतात, येणाऱ्याला दाराशी अडवत नाहीत. भावानं कुलूप काढून नमुना पाटावर मांडला. त्याच्या मनात आलं नाही की हे दाखवणं आहे. प्रसादाला आलेल्यांत बाजारात माल विकणारा आणखी एक भांडेवाला होता. तो हात जोडून वाकला आणि, वहिनी सांगायची, बराच वेळ वाकलेलाच राहिला.

माघात बीबी गावच्या बाजारात त्याची यंत्रं आली. तोच स्क्रू, तोच बाजेला आवळायचा आकडा. आमची अजून भावाच्या वाळूत होती. त्या भांडेवाल्याचं ओतकाम मोठ्या कारखान्यात झटपट झालं होतं. आमचं एकही यंत्र तोवर बाहेर पडलं नव्हतं, म्हणजे त्यानं नमुन्याशिवाय दुसरं काही पाहिलेलं असणं शक्य नव्हतं.

नवऱ्यानं निरोप धाडला. भाऊ दुसऱ्याच दिवशी आला.

"दादा, कोणाले दाखवला?"

"कोणालेच नाही. पूजेत मांडला होता."

"मांडला म्हंजे दाखवलाच ना!"

"देवापुढं मांडला मी. बाजारात नाही मांडला."

"देव शेवया करत नाही हो दादा!"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण नवरा बरोबर होता. लिहून घेतलं तेव्हा मला त्याची लाज वाटली होती. आता भाऊ ओसरीवर उभा होता आणि मला भावाची वाटत होती. ज्याच्यामुळे मला अक्षर आलं त्याला मी वाचून दाखवलेलं एक वाक्य कळलं नव्हतं, का कळूनही त्याला ते पूजेपुढे लागू वाटलं नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

नवरा म्हणाला, "मी दावा लावू शकतो. कागद हाये माह्याजवळ."

"लावा," भाऊ म्हणाला. "कोर्टात खरं सांगीन. मांडला होता म्हणून सांगीन."

दावा लागला नाही. वकिलानं सांगितलं की कबुली आहे, कागद आहे, जिंकाल. महिन्याभरानं नवरा म्हणाला, राहू दे. माझ्यासाठी की स्वतःच्या तोंडासाठी, मी विचारलं नाही. त्याचं यंत्र मात्र गेलं. होळीनंतर आमची यंत्रं निघाली तेव्हा बाया म्हणायच्या, हे तर त्या बीबीवाल्याचंच आहे, तुम्ही त्याची नक्कल केली का.

काम संपलं तसा भाऊ नमुना परत द्यायला आला. नवरा बाजाराला गेला होता. मी पाट मांडला, पाणी दिलं. तो बसला नाही, पाणीही घेतलं नाही. फडक्यातला नमुना माझ्यापुढे ठेवला, खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला, आणि सोनाराकडून मागून आणलेली पेन्सिल.

"लिहून दे व बाई."

"काय लिहू?"

"असं लिही, का नमुना वापस भेटला. धड भेटला. सही कर खाली."

"दादा, माह्याकडून?"

"तूच वाचलं होतं ना, काम संपताच परत करीन म्हणून. मंग मी केला हे कोण सांगीन?"

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. सही केली. त्यानं कागद उलटासुलटा पाहिला, वाचता येत नव्हता तरी पाहिला, आणि घडी घालून अंगातल्या बंडीच्या खिशात ठेवला.

"बरोबर लिहिलं ना?" त्यानं विचारलं.

माझ्या भावानं मला हे विचारलं. मी "हाव" म्हटलं.