तीन ऑगस्टपर्यंत

अक्काचं दुखणं आता बरं होणार नाही, असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. "चार दिवसांसाठी नको येऊस. राहायलाच ये," ते म्हणाले. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. धारला भाऊजी आणि ती, दोघंच. त्यांची एकुलती एक लेक कॅनडात.

बॅग भरायच्या आधी मी जिममध्ये गेले. आता हे लिहिताना विचित्र वाटतं, पण तेव्हा हाताला काहीतरी काम हवं होतं. गुडघे धरायला लागल्यापासून देवासमधल्या आमच्या कॉलनीजवळच्या जिमचं वर्षाचं सदस्यत्व मी घेतलं होतं, आणि साठीच्या उंबरठ्यावर ट्रेडमिलवर चालायला शिकले होते. लांब बाहेरगावी जायचं असेल तर सदस्यत्व थांबवून ठेवता येतं, तिकडे त्याला फ्रीझ म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

काउंटरवरचा मॅनेजर तिशीतला, तोंडाने गोड. त्याने कॉम्प्युटर उघडला.

"कब से, आंटी?"

"पाच जुलै."

"कब तक?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तो म्हणाला, "आखिरी तारीख डालनी पड़ती है. उसके बिना सिस्टम आगे नहीं बढ़ता."

"भिया," मी म्हटलं, माळव्यात भैयाला असंच म्हणतात, "मुझे नहीं मालूम कब तक."

त्याने समजावून सांगितलं. वर्षाच्या सदस्यत्वात साठ दिवसांपर्यंत फ्रीझ मिळतं, एकदम घ्या नाहीतर दोनदा. जितके दिवस थांबाल तितके शेवटी जोडून मिळतात. वाढवायचं असेल तर तारीख संपायच्या आधी कळवायचं, नाहीतर ते आपोआप चालू होतं. "अभी तीस कर देता हूँ. तीन अगस्त तक. ठीक?"

मी मान हलवली. मग कारण. आजारपणाच्या रकान्यात सदस्याचा स्वतःचाच आजार चालतो, तोही डॉक्टरच्या कागदासकट. बहिणीचा चालत नाही. "तो फिर ट्रैवल लिख देता हूँ," तो म्हणाला आणि त्याने प्रवास हे कारण टाकलं. अक्काच्या शेवटच्या दिवसांना मी सहलीचं नाव दिल्यासारखं वाटलं मला.

धारला पोचले तेव्हा अक्का खिडकीजवळच्या पलंगावर होती. इतकी लहान झाली होती की चादरीखाली कुणी आहे हे लगेच कळेना. "आलीस? आधी चहा घे," ती म्हणाली. दुखणं कमी करायची औषधं ठरल्या वेळी द्यायची, पाठ पुसायची, दोन चमचे पेज पाजायची, असे आमचे दिवस सुरू झाले. भाऊजी निवृत्त मास्तर, अमझेऱ्याच्या शाळेत उभी हयात गेलेली. त्यांना कुकर लावता येत नव्हता. तो त्यांनी या काळात शिकून घेतला. पहिल्या दिवशी भात करपला, तर अक्का पलंगावरून म्हणाली, "चाळीस वर्षं मुलांना पास-नापास केलंत, आता कळलं?" भाऊजी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत.

जुलै संपत आला होता. दुपारी अक्का माझ्या फोनवर लेकीशी बोलत होती. लेकीची रजा ऑगस्टच्या मध्यापासून मंजूर झाली होती, तिकीट काढलेलं होतं. बोलणं संपलं आणि फोन अक्काच्या हातातच राहिला. तेवढ्यात जिमचा मेसेज आला. अक्काने चष्मा नाकावर सरकवून तो मोठ्याने वाचला. "आपका फ्रीझ तीन अगस्त को समाप्त हो रहा है."

"हे काय गं?"

मी सांगितलं. जिमचं आहे, थांबवून ठेवलंय, असं काहीसं. तिने चष्मा काढला.

"म्हणजे मला तीन ऑगस्टपर्यंतची मुदत दिलीस होय?"

मी बोलायला गेले, की तसं नाही, तो म्हणाला तारीख द्यावीच लागते, मी काही मनात धरून... मी पलंगाच्या कडेला बसून रडले. इतके दिवस तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं.

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "अगं वेडे, चिडले नाही मी. पण मला पोरगी येईपर्यंत राहायचंय. तुझ्या त्या भियाला फोन लाव. पुढची तारीख घे."

"मी करते नंतर."

"आत्ता लाव. माझ्यासमोर."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. मॅनेजर म्हणाला, राहिलेले तीस दिवस देता येतील, दोन सप्टेंबरपर्यंत, त्यापुढे मात्र नाही. "रीज़न वही ट्रैवल रखूँ, आंटी?"

मी उत्तर द्यायच्या आत अक्का बोलली. आवाज बारीक, पण स्पष्ट. "नहीं भिया. लिखो कि बहन अभी है."

पलीकडून तो हळूच म्हणाला, "जी. लिख दिया, माताजी."

त्याने खरंच लिहिलं की नाही, मला माहीत नाही. अक्काला मात्र त्या दिवशी बरं वाटलं. संध्याकाळी तिने अर्धी वाटी शिरा खाल्ला. तीन ऑगस्टला सकाळी उठल्याउठल्या म्हणाली, "ही तारीख तर आपण मारली." त्यानंतर ती रोज विचारायची, आज कितवी.

लेक येण्याच्या पाच दिवस आधी अक्का गेली. दुपारची वेळ होती. मी तिच्या ओठांना पाणी लावत होते, भाऊजी बाहेर अंगणात कपडे वाळत घालत होते. एक श्वास आला आणि पुढचा आलाच नाही. मी भाऊजींना हाक मारली. ते ओला शर्ट हातात घेऊनच आत आले.

लेकीला आम्ही व्हिडिओवर अंत्यदर्शन दिलं. ती नंतर आली, अक्काच्या पलंगावर झोपली आणि उशीत तोंड खुपसून म्हणाली, "मावशी, मी आधी का नाही निघाले?" मी तिला थोपटत राहिले. अक्काने तुझी वाट पाहिली, हे सांगावं की सांगू नये, याचा मी आजही निकाल लावू शकले नाही. तेव्हा सांगितलं नाही.

तेरावं झालं, महिनाअखेरीला लेक परत गेली. भाऊजींना मी देवासला चला म्हटलं. ते नको म्हणाले. मी सप्टेंबरच्या सुरुवातीला घरी आले आणि तीन तारखेला जिममध्ये गेले. फ्रीझ संपलं होतं. मशीनवर अंगठा ठेवला, दार उघडलं. मॅनेजर काउंटरवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला. मग स्क्रीन बघून हलक्या आवाजात म्हणाला, "आपकी आखिरी तारीख दो महीने आगे चली गई है, आंटी."

जिमच्या हिशेबात ते दोन महिने वापरलेच गेले नव्हते.

मी ट्रेडमिलवर चढले. सगळ्यात कमी वेग लावला तरी पाय उचलेनात. आमच्या बॅचमधली एक शेजारच्या पट्ट्यावर होती. "बऱ्याच दिवसांनी! कुठे फिरून आलात?" तिने विचारलं.

"धारला होते. बहिणीकडे," मी म्हटलं.

तिने धारजवळचं मांडू पाहिलं का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं, आणि खाली उतरून बाकावर बसले. तिथूनच भाऊजींना फोन लावला. ते वरण फोडणीला टाकत होते. हिंग किती घालायचं, ते त्यांना आठवत नव्हतं.