धातूचा गंज आणू शकता

साधनाआत्या घुग्घुसच्या एका केमिकल गोदामात स्टोअरकीपर आहे. तिचा आवाज काढणं सोपं नाही. फोनवर नागपूरच्या साहेबांशी बोलताना ती "हो सर, नक्की सर, पाठवते सर" अशी कडक इस्त्रीची असते, आणि फोन ठेवला रे ठेवला की, "खुशाल, थे पोतं कुठी चाललं बापा?" हे दोन्ही आवाज एका श्वासात निघाले, तरच आत्या जमली म्हणायची.

गोदामात कॉस्टिक सोड्याची पोती यायला लागली, तेव्हा साहेबांनी त्याच्या सुरक्षा-पत्रकाचं मराठी करून पाठवलं. भिंतीवर लावा, सगळ्यांच्या सह्या घ्या. वाचायचं काम खुशालभाऊकडे. तो दहावी शिकलेला हमाल, पण वाचतो कीर्तनकारासारखा. "धातूंनाऽ गंज आणू शकते." सगळ्यांनी माना डोलावल्या. सह्या-अंगठे झाले.

दुसऱ्या दिवशी फरशी धुवायला कॉस्टिक कालवायचं होतं. सगळ्यात जुने हमाल इतवारीभाऊ घरून जर्मनचा मोठा गंज घेऊन आले. आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं, आणि जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. पाण्यात कॉस्टिक पडलं तसा गंज फसफसला, तापला, नाकात झोंबणारी वाफ सुटली आणि सगळे बाहेर पळाले. संध्याकाळपर्यंत गंजाच्या बुडाला भोकं.

"कागदानंच सांगतलं," इतवारीभाऊ शांतपणे म्हणाले. "धातूचा गंज आणू शकता. मी आणला. आता बायकोले काय सांगू, थे लिवलं हाय का कागदावर?"

आत्यानं साहेबांना फोन लावला. साहेब नाकातून बोलतात. "मॅडम, भाषा प्रमाण आहे. सह्या झाल्या ना?"

"झाल्या सर. गंजही गेला सर. उद्या माणूस जाईल. मी पुन्हा लिहिते."

मग तिनं इंग्रजी पत्रक समोर घेतलं आणि इतवारीभाऊंना शेजारी बसवलं. एक ओळ वाचायची, त्यांनी आपल्या शब्दांत सांगायची. अर्थ तोच निघाला तर ओळ पास.

"त्वचेचा तीव्र दाह."

"पित्त झालं त होते तसा."

खोडलं. "कातडी जळते."

"मंग आगपेटी दूर ठिवू."

खोडलं. शेवटी झालं ते असं: 'कातडी भाजते. आग नसली तरी भाजते. डोळा जाऊ शकते. जर्मनचं भांडं वापरू नका, प्लास्टिकची बादली घ्या.' डोळ्यात गेलं तर 'पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा' यावर इतवारीभाऊ म्हणाले, माह्याजवळ घड्याळ नाई. आत्यानं ऑफिसातलं घड्याळ काढून नळाच्या वर ठोकलं.

खुशालभाऊनं जुन्या कागदातली पुढची ओळ वाचली, "गिळल्यास वमन प्रवृत्त करू नये," आणि गेटवरचे चौकीदार वामनभाऊ आत आले.

"माह्यं नाव काऊन हाय त्यात? कायले प्रवृत्त नाई करायचं मले?"

"झोपायले," खुशालभाऊ म्हणाला.

सगळे हसले. आत्या हसली नाही. "वमन म्हणजे ओकारी. कोणी फवारणीचं औषध पेलं त तुमी काय करता?"

"मिठाचं पाणी पाजून ओकवतो," सगळे एका सुरात.

"हे खाली जाताना एकदा भाजते. वर येताना आणखी एकदा भाजते."

तिनं लिहिलं: 'पोटात गेलं तर ओकवू नका. चूळ भरायला लावा. १०८ ला फोन करा. हा कागद दवाखान्यात न्या.'

ही ओळ वामनभाऊंनी स्वतःची मानली. गेटवर येणाऱ्या ट्रकवाल्यालासुद्धा ऐकवायचे, "वामन सांगते, ओकवू नका."

उन्हाळ्यात कोणीतरी उरलेलं कॉस्टिकचं पाणी थंड्याच्या बाटलीत भरून ठेवलं. इतवारीभाऊंनी घाईत बाटली तोंडाला लावली आणि लगेच थुंकले. ओठ पांढरे पडले. आत्या त्या दिवशी भद्रावतीला गेलेली. खुशालभाऊ सवयीनं मीठ घेऊन धावला. ती ओळ मोठ्यानं वाचलेला माणूस तोच, तरी धावला.

"मीठ खाली ठेव," वामनभाऊ म्हणाले. त्यांनी इतवारीभाऊंना नळावर नेलं, चुळा भरायला लावल्या, दुसऱ्या हातानं फोन लावला. गाडी आली तेव्हा भिंतीवरचा कागद त्यांच्या खिशात होता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तो वाचून विचारलं, ओकवलं तर नाही ना? इतवारीभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. आतून तपासून दोन दिवसांनी घरी सोडलं. तोंडच तेवढं भाजलेलं. आठ दिवस गार वरणभात.

कामावर आल्यावर त्यांनी एक ओळ वाढवायला लावली: 'खायच्या-प्यायच्या बाटलीत भरू नका. पटत नसेल तर इतवारीला विचारा.'

साहेबांना आता तो कागद सगळ्या गोदामांसाठी हवा आहे. "फक्त मॅडम, ते 'ओकवू' जरा सभ्य करता आलं तर..."

"हो सर, नक्की सर." फोन खाली. "खुशाल, तसंच छाप बापा. एक अक्षर हलवू नको."